दाराजवळची खाट : नोकरदार महिला वसतिगृहातील पहिल्या आठवड्यावर कथा लिहिताना

मोठ्या शहरात नोकरीसाठी आलेली तरुण मुलगी आणि तिचा वसतिगृहातील पहिला आठवडा हा विषय नव्या कथालेखकाला सोपा वाटतो, कारण त्यात माणसे आयती असतात, जागा आयती असते आणि सुरुवात-शेवटही आयताच मिळाल्यासारखा वाटतो. पहिल्या खर्ड्यात मात्र बहुधा एकच गोष्ट घडते. मुलगी बॅग घेऊन येते, खोली पाहून हिरमुसते, दोन दिवस रडते, मग खोलीतल्या मुलींशी गट्टी जमते आणि सातव्या दिवशी तिला हे आपले घर वाटू लागते. हे सगळे खरे असू शकते, पण ती कथा नव्हे. ती रोजनिशी झाली. दोघींतला फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. मंगळवारचा प्रसंग गुरुवारी आणि गुरुवारचा मंगळवारी नेऊन पाहावा. काहीच मोडले नाही, तर अजून कथा हाताला लागलेली नाही, असे समजावे.

या लेखात अशी एकच कथा, सुमारे अडीच हजार शब्दांची, बीजापासून शेवटच्या वाक्यापर्यंत कशी बांधता येईल ते क्रमाने पाहू. उदाहरणातील वसतिगृह आणि माणसे कल्पित आहेत. नायिकेचे नाव वैदेही ठेवू आणि तिच्या खोलीतल्या जुन्या मुलीचे शुभांगी.

पहिली पायरी : भावना न शोधता वस्तू शोधावी

एकटेपणा, घरची ओढ, स्वातंत्र्याची धास्ती यांपासून सुरुवात केली की वाक्ये सैल पडतात, कारण या भावना कोणत्याही घर सोडलेल्या माणसाच्या असतात. वसतिगृहाचे म्हणून जे खास असते ते त्याच्या नियमांत आणि त्या नियमांसाठी ठेवलेल्या वस्तूंत असते. फाटकाची वेळ, कपाटाची किल्ली, न्हाणीघराबाहेर रांगेत ठेवलेल्या बादल्या, फळ्यावरच्या सूचना, पाहुण्यांसाठीचे बाक आणि येण्याजाण्याचे रजिस्टर. यांपैकी एकच वस्तू निवडावी, आणि ती अशी असावी की आठवडाभर रोज नायिकेच्या हाताखालून जाईल व दर वेळी तिचा अर्थ थोडा बदलेल.

आपल्या कथेसाठी रजिस्टर घेऊ. त्यात सहा रकाने आहेत : नाव, खोली, जाण्याची वेळ, कारण, परतीची वेळ, सही. फाटक रात्री दहाला बंद होते आणि त्यानंतर येणारीचे नाव सकाळी अधीक्षिकांकडे जाते. वैदेही सोमवारी सकाळी ‘कारण’ या अरुंद रकान्यात ‘कार्यालयातील कामाचा पहिला दिवस असल्यामुळे’ असे पूर्ण वाक्य लिहिते आणि ते शेजारच्या रकान्यात घुसते. वरच्या सगळ्या ओळींत एकच शब्द आहे : ‘काम’. ती नवी आहे हे सांगायला याहून जास्त काही लागत नाही. तिच्या बावरलेपणाविषयी लिहिलेले तीन परिच्छेद इथे बिनदिक्कत गाळता येतात.

आता या वस्तूतून पेच काढायचा. बुधवारी वैदेहीला उशीर होतो आणि ती पोहोचण्याआधीच तिच्या नावापुढे कोणीतरी सही करून ठेवलेली असते. ही सही शुभांगीची असते, जिने तोवर तिच्याशी पाच वाक्येही धड बोललेली नसतात. शनिवारी शुभांगीचा फोन येतो आणि तोच उपकार ती परत मागते. एवढे हाती आले की दिवसांची अदलाबदल करता येत नाही, कारण शनिवार आता बुधवारावर उभा असतो.

दुसरी पायरी : खोलीचा नकाशा आणि घड्याळाचे गणित

लिहायला बसण्याआधी एका कागदावर खोली काढावी. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. तीन खाटा, तीन कपाटे, एक खिडकी, एक दार, एक पंखा, दिव्याचे बटण. वसतिगृहात चांगली जागा सेवाज्येष्ठतेने मिळते : खिडकीची खाट सर्वांत जुनीची, भिंतीकडची मधलीची आणि दाराजवळची नव्या मुलीची. नकाशा काढताना मला असे दिसले की दिव्याचे बटण दाराजवळच, म्हणजे नेमके वैदेहीच्या उशाशी येते. त्यामुळे रात्री दिवा बंद करायला जी कोणी उठेल तिचा हात वैदेहीच्या चेहऱ्यावरून जाणार. पहिल्या रात्री ती डोळे मिटून पडलेली आहे, झोपलेली नाही, आणि साबणाचा वास असलेला एक अनोळखी हात तिच्या कपाळावरून जाऊन बटण दाबतो. हा तपशील मला सुचला नव्हता. तो कागदावर सापडला, आणि नकाशा काढण्याचा खरा फायदा हाच आहे.

दुसऱ्या कागदावर वेळापत्रक. बुधवारचा उशीर वाचकाला पटला पाहिजे आणि तो नायिकेच्या गाफीलपणामुळे झाला असे वाटता कामा नये. कार्यालय सातला सुटते, पण वरिष्ठांनी थांबवून ठेवल्यामुळे ती ८.४० ला निघते. वाहनाची वाट पाहण्यात १५ मिनिटे, प्रवासात ६५ मिनिटे, पायी १२ मिनिटे. म्हणजे ती १०.१२ ला फाटकाशी पोहोचते. हे आकडे कथेत आणू नयेत, एखादाच आणावा. पण लेखकाला ते माहीत नसले की ‘खूप उशीर झाला होता’ असे पोकळ वाक्य येते आणि चाणाक्ष वाचक तिथेच थबकतो.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे : दुसरीची सही करणे मुळात शक्य कसे झाले? रजिस्टर फाटकावरच्या मावशींच्या डोळ्यांसमोर असेल तर ते शक्य नाही. म्हणून रजिस्टर जिन्याखालच्या टेबलावर ठेवावे आणि मावशींना पावणेदहाच्या सुमारास गच्चीवरच्या टाकीचे पाणी पाहायला पाठवावे. रात्री खोल्यांतून हजेरी घेण्याची पद्धत असेल, तर नुसत्या सहीने निभणार नाही आणि ही कथाच उभी राहणार नाही. म्हणून या वसतिगृहात अशी हजेरी नसते हे रविवारीच, अगदी जाता जाता, कळू द्यावे. पेच जितका लहान, तितके त्याचे सांधे घट्ट असावे लागतात.

तिसरी पायरी : कोणती ‘ती’?

मराठीत ही कथा लिहिताना येणारी सर्वांत मोठी अडचण कथानकाची नसून सर्वनामाची आहे. वसतिगृहात सगळ्याच स्त्रिया असल्यामुळे प्रत्येकजण ‘ती’ असते. ‘तिने तिला तिची किल्ली दिली’ या वाक्यात कोणी कोणाला कोणाची किल्ली दिली हे लेखकाला ठाऊक असते, वाचकाला नसते. माझी पहिली अशी कथा एका संपादकांनी परत पाठवली तेव्हा समासात आठ ठिकाणी त्यांनी फक्त ‘कोण?’ एवढेच लिहिले होते. तेव्हा राग आला होता. आठही ठिकाणी त्यांचे बरोबर होते.

उपाय असा की ‘ती’ हे सर्वनाम नायिकेसाठी राखून ठेवावे. बाकीच्या मुलींना नावाने लिहावे, त्याची पुनरुक्ती झाली तरी चालेल. अधीक्षिका आणि मावशी यांना आदरार्थी ‘त्या’ मिळते, त्यामुळे त्या आपोआप वेगळ्या पडतात. प्रथमपुरुषी निवेदन घेतले तर ही अडचण बरीच सुटते, परंतु दुसरी उभी राहते : ‘मी’ म्हणणारी बाई बहुधा पुष्कळ वर्षांनी मागे वळून सांगत असते आणि ‘आज वाटते की’ असे म्हणत मध्ये मध्ये शहाणपण पेरू लागते. आपल्या कथेत वैदेहीला शनिवारी रात्रीपर्यंत काहीच कळलेले नसणे आवश्यक आहे, म्हणून तृतीयपुरुषी निवेदन घ्यावे आणि तिला जे दिसते, ऐकू येते तेवढेच लिहावे. शुभांगीच्या मनात काय आहे, याबद्दल अवाक्षर नको.

ज्या भाषेने ही अडचण केली, तीच भाषा एक देणगीही देते. तुम्ही आणि तू. शुभांगी चार-पाच वर्षांनी मोठी आहे, पण रविवारी ती नव्या मुलीला अहो-जाहो करते, आणि त्या आदरात अंतर आहे : ‘तुमची बॅग खाटेखाली सरकवा, वाटेत येते.’ वैदेही तिला शुभांगीताई म्हणते. बुधवारी रात्री अंधारात शुभांगीचा आवाज येतो : ‘झोप आता. सकाळी बोलू.’ तुम्हीचे तू झाले. हे निवेदकाने बोट ठेवून दाखवायचे नाही. ‘आज पहिल्यांदाच तिने तू म्हटले’ असे लिहिले की त्यातला प्राण जातो, कारण मराठी कानाला ते न सांगता ऐकू येते. तिसरी मुलगी, मधल्या खाटेवरची, शेवटपर्यंत ‘तुम्ही’वरच राहू द्यावी, म्हणजे फरक उठून दिसेल.

चौथी पायरी : सात दिवसांना समान शब्द देऊ नयेत

अडीच हजार शब्दांचे सात सारखे वाटे केले तर प्रत्येक दिवशी साडेतीनशे शब्द येतात आणि एकही प्रसंग श्वास घेत नाही. आमची वाटणी साधारण अशी : रविवारला ५००, सोमवारला १२०, बुधवारला ८००, गुरुवारला २५०, शुक्रवारला एक ओळ आणि शनिवारला ८००. मंगळवार नाहीच. वाचक मंगळवारची चौकशी करत नाही.

रविवारच्या पाचशे शब्दांत प्रवास, निरोप, आईचे डोळे, खिडकीतून मागे पडणारी झाडे यांतले काहीही नको. नव्या लेखकांचे जवळजवळ निम्मे खर्डे वाटेतच अडकतात आणि वसतिगृह तिसऱ्या पानावर येते. कथा टेबलाशी सुरू करावी : मावशी रजिस्टर वैदेहीसमोर सरकवतात, ते जाडजूड आहे, त्याची पाठ कापडी पट्टीने चिकटवलेली आहे. या जाडीकडे वाचकाचे आता लक्ष जाणार नाही, पण शनिवारी ती लागणार आहे. याच दिवशी आणखी दोन गोष्टी पेराव्यात. एक, दाराजवळच्या कपाटाच्या आतल्या बाजूला कोणाच्या तरी नावाची अर्धवट खरवडलेली चिठ्ठी. दोन, शुभांगीचा सहज विचारलेला प्रश्न : ‘कामावरून यायला उशीर होतो का तुम्हाला?’ पहिल्या वाचनात हा प्रश्न काळजीचा वाटला पाहिजे.

अधीक्षिकांना खाष्ट करण्याचा मोह आवरावा. दहा वाजताच्या फाटकामागे त्यांचाही हिशेब असतो. चाळीस मुलींच्या चाळीस घरांना उत्तर त्यांनाच द्यायचे असते. त्यांना एकच वाक्य द्यावे, तेही शांतपणे म्हटलेले : ‘तुम्ही कुठे जाता ते मी विचारत नाही, परत आलात की नाही तेवढे मला कळले पाहिजे.’ नियम न्याय्य असला तरच तो मोडण्याला किंमत येते.

पाचवी पायरी : बुधवारचा प्रसंग जवळून

या प्रसंगात घाई करू नये. खाली तो माझ्या खर्ड्यातून घेतला आहे.

‘मावशींनी जाळीतून पाहिले. “नाव?”

“वैदेही. खोली बारा.”

मावशी टेबलाकडे गेल्या. रजिस्टरवरून त्यांचे बोट खाली सरकत आले आणि थांबले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तिच्याकडे पाहिले.

“तुम्ही तर आत आहात,” त्या म्हणाल्या.

तिने जाळीला गाल लावून पाहिले. तिच्या नावापुढे ९.४० लिहिलेले होते आणि त्यापुढे सही. “वै”च्या दोन्ही मात्रा शिरोरेघेला न टेकता वर तरंगत होत्या. ती स्वतः मात्रा देताना पेन उचलत नसे.

मावशींनी घड्याळाकडे पाहिले, मग जिन्याकडे. कुलपात किल्ली फिरवताना त्या हळूच म्हणाल्या, “चपला हातात घ्या.”’

इथे मावशींनी दार का उघडले, हे वाचकाला उमगायला हवे आणि ते कोणी बोलता कामा नये. खोट्या सहीची तक्रार केली, तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाईल : नऊ चाळीसला टेबलाशी कोण होते? घड्याळाकडे आणि मग जिन्याकडे टाकलेल्या दोन नजरांत हा हिशेब पुरा होतो, कारण गच्चीची वाट त्याच जिन्याने जाते. पहिल्या खर्ड्यात मी मावशींना ‘या वेळी सोडते’ असे म्हणायला लावले होते. त्यामुळे त्या उपकार करणाऱ्या झाल्या. ‘चपला हातात घ्या’ म्हटल्यावर त्या सामील झाल्या. एका सहीने तीन स्त्रिया एकमेकींत अडकतात आणि तिघींपैकी एकीनेही तसे ठरवलेले नसते.

खोलीत आल्यावर वैदेहीने आभार मानू नयेत. ती तसा प्रयत्न करते आणि शुभांगी ‘झोप आता’ म्हणून तो थांबवते. आभार मानले गेले असते तर देणे तिथेच फिटले असते. ते शनिवारपर्यंत अंगावर राहायला हवे.

गुरुवारी संध्याकाळी घरी फोन. ‘काल फोन का नाही केलास?’ या प्रश्नाला वैदेही म्हणते, ‘लवकर झोपले होते, नऊ चाळीसलाच आले ना.’ रजिस्टरातले खोटे आता तिच्या तोंडी आले आणि तेही अचूक मिनिटासकट. रडणे, हुंदके, ‘तुझी खूप आठवण येते’ हे सगळे वगळून हा फोन लिहिला, तरी पहिल्या आठवड्यातले जे सांगायचे असते त्यातले बरेचसे इथे येऊन जाते.

सहावी पायरी : शनिवार आणि शेवट

शनिवारी कार्यालयांना सुटी आहे. सकाळी वैदेही शुभांगीच्या ओळीत ‘कारण’ या रकान्यात ‘काम’ असे वाचते आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही. तोवर ती स्वतःही तेवढेच लिहू लागली आहे. रात्री साडेनऊला फोन येतो : ‘दहाच्या आत काही जमत नाही बघ. तेवढं करशील ना?’ शुभांगीचे कारण कथेत कुठेही उघड करू नये. ते उघड केले की कथा शुभांगीची होते, आणि त्यासाठी आपल्याला वेगळा आठवडा लागला असता.

मावशी गच्चीवर गेल्या आहेत. वैदेही पेन घेऊन टेबलाशी उभी राहते. वेळ लिहिते, ९.४०. सही करायला जाते आणि तिच्या लक्षात येते की शुभांगीची सही आपण कधी पाहिलेलीच नाही. म्हणून ती पान उलटते. गेल्या शनिवारची सही गोल, मुलायम अक्षरात आहे. त्याआधीच्या शनिवारचीही तशीच. मधल्या वारांच्या सह्या मात्र बारीक, तिरप्या, आणि त्यांतली “गी”ची वेलांटी बुधवारच्या मात्रांसारखीच शिरोरेघेला टेकत नाही. ती आणखी मागे जाते. काही महिन्यांमागे शनिवारचे अक्षर बदलते, मोठे आणि उभे होते. त्याआधी पुन्हा वेगळे. प्रत्येक अक्षर काही महिने टिकते, जितके दिवस दाराजवळची खाट एकीकडे राहते तितके.

हा शोध पुढे आला की बुधवारची सही मायेने केली होती की आगाऊ दिलेला हप्ता होता, हे सांगता येत नाही, आणि बहुधा शुभांगीलाही सांगता आले नसते. रविवारचा तो सहज प्रश्न वाचकाला आता आठवतो. कपाटातली खरवडलेली चिठ्ठीही आठवते. म्हणूनच हे सगळे रविवारी पेरायचे होते. ऐनवेळी आणलेले असते, तर ती नुसती चलाखी ठरली असती.

वैदेहीने सही करावी की नाही? पेन हवेत ठेवून कथा संपवणे हा सुटकेचा मार्ग आहे आणि तो मला पसंत नाही. न करणे हे तिच्या वयाला आणि चौथ्या दिवशीच्या उपकाराला धरून होणार नाही. तिने सही करावी, आणि शुभांगीच्या अक्षराची नक्कल न करता आपल्या नेहमीच्या अक्षरात करावी, वेलांटी देताना पेन न उचलता. नक्कल न करण्यामागे प्रामाणिकपणा आहे की निष्काळजीपणा, की पुढे कधीतरी ही पाने उलटणारीला कळावे ही इच्छा, यावर वाद होऊ शकतो. तो कथेबाहेर होऊ द्यावा.

शेवटची पायरी : पुनर्लेखन

खर्डा आठ दिवस बाजूला ठेवून तीनदा वाचावा, आणि प्रत्येक वाचनात एकच गोष्ट तपासावी. पहिल्या वाचनात प्रत्येक ‘ती’, ‘तिने’, ‘तिला’ याखाली रेघ मारून ते सर्वनाम वैदेहीचेच आहे ना, ते पाहावे. दुसऱ्यात फक्त वेळा आणि जागा पाहाव्यात : मावशी गच्चीवर असताना फाटक कोणी उघडले नाही ना, दिव्याचे बटण शनिवारी खिडकीकडे सरकले नाही ना. तिसऱ्यात मोठ्याने वाचून निवेदकाने जिथे जिथे भावनेचे नाव घेतले आहे ती वाक्ये काढून पाहावीत. माझ्या खर्ड्यातून अशी एकोणीस वाक्ये गेली. दोन परत घ्यावी लागली, कारण ती नसताना बुधवारची भीती कार्यालयातल्या वरिष्ठांची आहे की फाटकाची, ते कळेनासे झाले होते.

शेवटच्या वाक्याविषयी एक. माझ्या खर्ड्यात वैदेही सही करून खोलीत जाते, दाराजवळच्या खाटेवर आडवी होते आणि खिडकीच्या रिकाम्या खाटेकडे पाहत राहते, असा शेवट होता. तो मी काढला, कारण पाहत राहणे म्हणजे लेखकाने विचार करायला मागितलेला वेळ असतो. आता ती सही करते, रजिस्टर होते तसे आजच्या पानावर उघडे ठेवते आणि जिन्यावर मावशींची पावले ऐकू येताच चपला हातात घेते.